पासबुकातले १७ रुपये ७० पैसे

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तिन्ही पासबुकांचे फोटो मिळाले. दोन पानं तिरकी आली होती, तरी आकडे लागले. पेन्शन तेवढीच, खर्च तेवढाच, मग शिल्लक का जमत नाही, असं तुम्ही विचारलं होतंत. मोठी गळती कुठेच नाही. पण चिल्लर कपात मात्र वर्षभर चालू आहे आणि ती तिन्ही खात्यांतून होते आहे. तुमच्या नजरेतून ती सुटली, कारण तुम्ही पाचशेच्या वरचेच आकडे पेन्सिलीने टिपता.

बँकेची कपात ओळखायची एक सोपी खूण सांगते. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे खर्चाच्या रकान्यात एखादा विचित्र आकडा दिसला, की त्याला १.१८ ने भागा. उत्तर गोल आलं तर ते बहुतेक बँकेचंच शुल्क. १७.७० ला भागलं की १५ येतात, १७७ चे १५०, २३६ चे २०० आणि २९५ चे २५०. काही बँका कर वेगळ्या ओळीत दाखवतात. तेव्हा १५ रुपयांच्या खाली १.३५ च्या दोन ओळी दिसतात, एक CGST ची आणि एक SGST ची. आईच्या पासबुकात तसंच आहे. समोरचा तपशील अर्धवट छापलेला असतो, पण त्यात SMS, AMC म्हणजे वार्षिक शुल्क, किंवा CARD FEE असं काहीतरी सापडतंच. एसएमएसचे पैसे साधारण तिमाही संपताना जातात, कार्डाचे वर्षातून एकदा, बहुतेक कार्ड मिळालं त्या महिन्याच्या आसपास. म्हणून एकाच महिन्याचं पान बघून काही कळत नाही, सलग वर्ष बघावं लागतं.

आता हिशेब. पेन्शनचं खातं तुम्हा दोघांचं जोडखातं आहे आणि त्यावर दोन कार्डं आहेत. प्रत्येक कार्डाचे वर्षाला २३६, म्हणजे ४७२ झाले. एसएमएसचे चार तिमाहींचे ७०.८०. बाबांच्या नोकरीच्या काळातलं पगाराचं खातं आहे, तिथे कार्डाचे २९५ आणि एसएमएसचे ७०.८०. आईच्या खात्यात कार्डाचे १७७ आणि एसएमएसचे ७०.८०. सगळे मिळून वर्षाला १,१५६ रुपये ४० पैसे.

यातलं सगळंच बंद करायचं नाही. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, ते सांगते.

पेन्शनच्या खात्याचे एसएमएस चालू राहू देत. बाबा, तुमचा पहिला विचार तेच बंद करण्याचा असणार, हे मला माहीत आहे. पण खात्यातून पैसे निघाल्याचा निरोप लगेच मिळणं या खात्यावर फार गरजेचं आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. चूक ना बँकेची ना आपली, भलत्याच कुणीतरी ऑनलाइन पैसे काढले, आणि बँकेकडून निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण तक्रार केली, तर नुकसान आपल्यावर येत नाही असं त्यात आहे. निरोपच आला नाही तर तीन दिवसांत कळणार कसं? शिवाय त्याच परिपत्रकानुसार ऑनलाइन व्यवहारांचे एसएमएस पाठवणं बँकेला बंधनकारक आहे, त्यामुळे ते बंद करायला बँक तयारही होणार नाही. बंद करता येतात ते वरचे जास्तीचे निरोप, म्हणजे रोजची शिल्लक वगैरे. तुमच्या खात्यावर ते चालू आहेत का, एवढं काउंटरवर विचारा. या खात्यावरचे सत्तर रुपये मी खुशीने देईन.

त्याच खात्यावरचं आईचं कार्ड मात्र बंद करायचं. आई, ते कार्ड तू अजून पाकिटातूनसुद्धा काढलेलं नाहीस, तरी त्याचे २३६ दरवर्षी जातात. कार्ड वापरलं की नाही, याच्याशी वार्षिक शुल्काचा संबंध नसतो. डेबिट कार्ड घ्यायलाच हवं अशी सक्ती बँकेला करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत स्पष्ट आहे. ‘खात्यासोबत कार्ड असतंच’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि अर्ज पुढे करा. बाबांचं कार्ड वेगळं आहे, त्यामुळे त्यांचं एटीएम आणि फोनवरचं यूपीआय यांना काही होणार नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कार्ड ब्लॉक करणं आणि कार्ड कायमचं बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपमधून किंवा फोन करून नुसतं ब्लॉक केलं, तर बँकेच्या दृष्टीने ते हरवलेल्या कार्डासारखं होतं. मग एखाद्या दिवशी बदली कार्ड घरी येतं आणि त्याचं शुल्क पुन्हा सुरू होतं. म्हणून अर्जात सरळ लिहायचं: ‘माझं डेबिट कार्ड, शेवटचे चार अंक अमुक, कायमचं बंद करावं. त्याऐवजी नवीन कार्ड देऊ नये आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण करू नये. यापुढे वार्षिक शुल्क आकारू नये.’ अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख व सही घेऊन ती परत आणा. ही शिक्क्याची प्रत सांभाळा. पुढे पुन्हा २३६ गेले तर तेवढ्या एका कागदावर पैसे परत मागता येतात. कार्ड कापताना चिपमधूनही कात्री चालवा.

आता बाबांचं जुनं पगाराचं खातं. पगार जमा होत होता तोवर त्यावर शुल्क नव्हतं. पगार थांबला तेव्हा बँकेने ते साधं बचत खातं करून टाकलं आणि तिथून शुल्क सुरू झालं. खात्यात सहा हजार आहेत. अडीच टक्क्यांनी वर्षाचं व्याज दीडशे रुपये आणि कपात ३६५ रुपये ८० पैसे, म्हणजे पैसे सांभाळायला ठेवून वर आपणच भाडं भरतो आहोत.

एसएमएसची गंमत तर याच खात्यावर आहे. गेल्या वर्षात तिथे तुम्ही एकही व्यवहार केलेला नाही. व्याज जमा झालं, शुल्क कापलं गेलं आणि विम्याचे वीस रुपये गेले, बस्स. तुमच्या फोनवर त्या बँकेचे निरोप शोधले तर तेही तेवढेच: एसएमएसचे पैसे कापल्याचा एसएमएस! पण २६ नोव्हेंबर २०१३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे, की एसएमएसचं शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावं. ज्या तिमाहीत जेमतेम एक-दोन निरोप आले तिथे सरसकट पंधरा रुपये कसे लावले, हे विचारण्यासारखं आहे. मी या खात्याच्या चार तिमाहींसाठी तसा अर्ज लिहून सोबत ठेवला आहे. त्यात परिपत्रकाची तारीख घातली आहे. सत्तर रुपयांसाठी एवढं कशाला, असं आई म्हणेल. पण अर्ज दिला की त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा गोलगोल आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. ती इथून मी भरीन. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून पुन्हा तीच शिक्क्याची प्रत.

अर्ज दिला की हे खातं बंदच करून टाका. आधी त्यावर काही अडकलेलं नाही ना ते बघा. विम्याचे ते वीस रुपये सोडले, तर दुसरा कुठला हप्ता किंवा विजेचं बिल तिथून जात नाही, हे मी पासबुकात तपासलं आहे. यूपीआयमध्ये मात्र हे खातं अजून जोडलेलं आहे. ते आधी काढा आणि पेन्शनचं खातं मुख्य करा. उरलेली रक्कम रोख घेऊ नका, पेन्शनच्या खात्यात वळवायला सांगा.

आईचं खातं बंद करायचं नाही. गॅसचं अनुदान तिथे येतं, कारण तिचं आधार त्याच खात्याला जोडलेलं आहे. ते बंद केलं तर अनुदानाचा नवा घोळ होईल. त्याऐवजी ते ‘मूलभूत बचत ठेव खातं’ करून द्या असा अर्ज करायचा. शाखेत याला बेसिक सेव्हिंग्ज किंवा बीएसबीडी म्हणतात. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि कार्डाचं वार्षिक शुल्क लागत नाही. गरिबांसाठीचं खातं, असं काउंटरवर कुणी म्हणालं तर ते खरं नाही, ते कुणालाही मिळतं. दोन अटी मात्र आहेत. त्याच बँकेत दुसरं बचत खातं नसावं, आणि आईचं नाही. दुसरी म्हणजे महिन्यातून चार वेळाच फुकट पैसे काढता येतात असं धरून चाला. आई तिथून वर्षातून एखाद-दोनदाच काढते, तेव्हा तिला ते पुरे आहे. बाबांच्या पेन्शनच्या खात्यावर मात्र हा उद्योग करू नका. तुमची ये-जा जास्त, ते जमणार नाही.

एवढं केलं की वर्षाला ७७८ रुपये ८० पैसे वाचतील. उरतील ते ३७७ रुपये ६० पैसे. ते बाबांच्या एका कार्डाचे आणि दोन खात्यांच्या एसएमएसचे.

एक ओळ मात्र शुल्क समजून रद्द करू नका. मे महिन्याच्या अखेरीला PMSBY नावाने २० रुपये गेले आहेत. ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे आहेत. त्यात दोन लाखांचा अपघात विमा आहे आणि तो वयाच्या सत्तरीपर्यंत चालतो. पण बाबा, तुमचे ते वीस रुपये पेन्शनच्या खात्यातूनही जातात आणि जुन्या खात्यातूनही. दोन ठिकाणी भरले म्हणून चार लाख मिळत नाहीत, संरक्षण एकाचंच. जुनं खातं बंद झालं की हा दुसरा हप्ताही थांबेल.

आणि हे सगळं शाखेत जाऊनच. ‘तुमचं एसएमएस शुल्क परत करतो, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. बँक असा फोन करत नाही. बँकेचा नंबरही गूगलवर शोधू नका, पासबुकाच्या पानावरचा किंवा कार्डामागचा घ्या.

पहिल्या आठवड्यात पेन्शनची गर्दी असते, तेव्हा दहा तारखेनंतर जा. तिन्ही अर्ज या पाकिटात आहेत, फक्त सह्या आणि तारीख राहिली आहे. आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवरही सही करा. जोडखात्याच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतील, म्हणून आईला बरोबर घेऊन जा. जुन्या खात्याचं चेकबुक कपाटात वरच्या खणात असेल, तेही न्या. खातं बंद करताना उरलेले चेक परत द्यावे लागतात.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, पुढच्या वेळी पासबुक छापून आणलंत की पाचशेच्या खालचे आकडेही टिपा. आईची पेन्सिल घ्या, तुमची फार बोथट झाली आहे, फोटोत काही उमटत नाही.