वीस वर्षं कुणाची मोजलीस?

नागपूर, 3 जून

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. अजून वीस वर्षं धरलीस, 70 लाख एफडीत, 7 टक्क्यांनी महिन्याचे चाळीस हजार सुटतात, खर्चही तेवढाच, म्हणजे जमलं! अबे, निवृत्त होताना मीही अगदी हेच गणित मांडलं होतं.

आधी खर्चाचं बघ. तू फेब्रुवारीचा महिना धरलास. नागपुरात फेब्रुवारी धरून कसं चालेल? मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो, त्या बिलाला कुठे धरशील? आम्ही दोघांनी पासबुक घेऊन बारा महिने उलगडले. किराणा, भाजी, दूध, वीज, कामवाली, औषधं मिळून सरासरी 28 हजार निघाले. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे लिहिले: मेडिक्लेम 62 हजार, घरपट्टी 6, स्कूटरचा विमा-सर्व्हिसिंग 10, कूलरची खस आणि घराची डागडुजी 18, प्रवास आणि लग्नांचे आहेर 48. झाले 1 लाख 44 हजार, म्हणजे महिन्याला आणखी 12 हजार. हे 12 हजार मी साफ विसरलो होतो. तू धरलेस का?

आता व्याजाचं. एफडीचं व्याज चाळीस हजारच राहतं, खर्च मात्र दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढला तर बारा वर्षांत ऐंशी हजार होतो. मग मुद्दल मोडावी लागते, आणि एकदा मोडली की व्याजही आटतं. तुझे 70 लाख सोळा वर्षांच्या आसपास संपतील. तू तेव्हा 78 चा असशील.

माझा हिशेब सोपा आहे. करानंतरचं व्याज महागाईइतकंच सुटतं असं धर, मग वीस वर्षांसाठी वर्षाच्या खर्चाच्या वीसपट रक्कम लागते. 4 लाख 80 हजारांच्या वीसपट म्हणजे 96 लाख. व्याज महागाईपेक्षा एक टक्का जास्त मिळालं तर 88 लाखांत भागतं, पण त्या एका टक्क्यावर मी म्हातारपण सोपवणार नाही. दवाखान्यासाठी 10 लाख वेगळे ठेव, कारण मेडिक्लेमचा हप्ता वयाबरोबर चढतो, 6 टक्क्यांत तो बसत नाही. सगळं बँकेतच ठेवू नकोस. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत माणशी 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज येतं. तिथंही व्याजावर कर लागतोच. आत्ता खातं तुझ्या नावावर काढ, वहिनींचं वेगळं खातं त्यांची साठ पूर्ण झाल्यावर काढ.

दवाखान्याचे धरून 36 लाख कमी पडतात, हे वाचून घाबरू नकोस. तुझा धरमपेठेतला रिकामा वरचा मजला भाड्यानं दे. भाडं महागाईबरोबर थोडंफार वाढतं, व्याज वाढत नाही. महिना दहा हजार आले आणि ते महागाईइतके वाढत गेले, तरी लागणारी रक्कम 24 लाखांनी घटते.

आणि एक. वहिनी तुझ्याहून चार वर्षांनी लहान. वीस वर्षं तुझी मोजलीस की त्यांची? एकट्या माणसालाही कूलर, कामवाली आणि घरपट्टी तेवढीच लागते. या रविवारी वहिनींनाही सोबत घेऊन ये, पासबुकासकट.

तुझा,
दिग्या