मोजून दिलेले पावलाचे माप अ‍ॅप पुसून टाकते, याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मनगटी स्टेप काउंटरमध्ये भरलेली पावलाची लांबी सिंक होताच रद्द होणे आणि त्यावर आपल्या प्रतिनिधीने दिलेला सल्ला

महोदय,

आपल्या प्रतिनिधीशी आताच झालेले संभाषण संपवून मी हे पत्र लिहायला बसलो आहे. फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे’ असा संदेश आला. त्यामुळे, कोणाचे समाधान झाले हे एकदा लेखी विचारून घेणे मला भाग आहे.

आपले यंत्र पावले मोजते आणि त्या संख्येला एका पावलाच्या लांबीने गुणून अंतर दाखवते. त्यात जीपीएस नाही, हे खोक्यावरच लिहिलेले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. डॉक्टरांनी मला रोज पाच किलोमीटर चालायला सांगितले आहे. 8,000 पावले झाली की यंत्र 5.64 किलोमीटर दाखवते. भागाकार केला तर एक पाऊल साडेसत्तर सेंटिमीटरचे येते. माझी उंची 170 सेंटिमीटर आहे, आणि 170 ला 0.415 ने गुणले की नेमके तेवढेच उत्तर मिळते. याचा अर्थ यंत्राने माझे पाऊल पाहिलेलेच नाही. उंचीवरून सरासरी अंदाज बांधण्याचा जो ठोकताळा प्रचलित आहे, तोच त्याने मला लावला आहे. वय झालेल्या, गुडघा कुरकुरणाऱ्या आणि पायात चप्पल घालून चालणाऱ्या माणसाचे पाऊल त्या सरासरीत बसेलच असे नाही. आपल्यालाही हे ठाऊक असावे, कारण आपल्याच माहितीपुस्तिकेत त्यावरचा उपाय दिला आहे : शंभर मीटर अंतर मोजा, नेहमीच्या चालीने चाला, पावले मोजा आणि येणारी लांबी यंत्राच्या `Step Length` या पानावर भरा.

मी ते केले. कसे केले हे सविस्तर लिहितो, कारण पुढे त्यावरच शंका घेतली गेली.

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी सारी नोकरी गेली. जुनी शंकूसाखळी तेहतीस फुटांची असते आणि तिच्या दहा साखळ्या भरल्या तर शंभर मीटरपेक्षा अठ्ठावन्न सेंटिमीटर जास्त होतात, म्हणून ती बाजूला ठेवून तीस मीटरचा पोलादी टेप घेतला. कापडी टेप ओढला की ताणतो, तोही टाळला. शाळेसमोरच्या सपाट डांबरी रस्त्यावर तीनदा तीस आणि एकदा दहा मीटर असे सरळ रेषेत माप घेतले आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. चालायला सुरुवात रेघेवरून केली नाही, तिच्या पंधरा-वीस पावले आधीपासून केली. यामागे दोन कारणे होती. उभे राहून निघताना माणसाची पहिली काही पावले आखूड पडतात, हे एक. दुसरे असे की अशी यंत्रे सुरुवातीची काही पावले लगेच दाखवत नाहीत. हाताची ती हालचाल खरोखर चालण्याची आहे अशी खात्री पटली की मगच आकडा पुढे सरकतो, त्यामुळे जागेवरून निघणाऱ्याला यंत्राने पावले खाल्ली असे वाटते. मी चालत येऊन पहिली रेघ ओलांडताना यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचला, दुसरी ओलांडताना पुन्हा वाचला, आणि मधली पावले शेजारच्या नववीतल्या मुलीने वेगळी मोजली. तिने फक्त डावे पाऊल मोजून दुप्पट केले, कारण दीडशेच्या वर प्रत्येक पाऊल तोंडाने मोजत गेले की आकडा जिभेवर अडखळतो.

जाता-येता चार फेऱ्यांत सरासरी 160 पावले आली आणि यंत्राचा आकडाही एखाद-दुसऱ्या पावलाच्या फरकाने तोच होता. या जुळण्याला महत्त्व आहे. यंत्र पावलेच कमी-जास्त मोजत असते तर तो वेगळा दोष ठरला असता, आणि मग शंभर मीटरला माझ्या मोजणीने भागायचे की यंत्राच्या, हा प्रश्न उभा राहिला असता. येथे पावलांची संख्या बरोबर होती, चूक केवळ लांबीत होती. शंभर मीटर भागिले 160 म्हणजे साडेबासष्ट सेंटिमीटर. आपले यंत्र माझ्या प्रत्येक पावलामागे आठ सेंटिमीटर पदरचे घालत होते, आणि त्याचे पाच किलोमीटर भरत तेव्हा माझे प्रत्यक्षात साडेचार किलोमीटरही झालेले नसत.

यंत्रावर अंतर शंभर मीटरला 0.11 असे ढोबळ दिसते, त्यावरून दुरुस्तीची परीक्षा होत नाही. म्हणून रेघेपासून रेघेपर्यंत दहा वेळा चाललो. आधी एक किलोमीटरला 1.13 दिसत होते. `Step Length` मध्ये 62.5 भरल्यावर तेच अंतर 1.00 दिसले. त्या संध्याकाळी, खरे सांगायचे तर, मला आपल्या कंपनीविषयी आदर वाटला होता.

दुसऱ्या दिवशी फोनमधले अ‍ॅप उघडले, यंत्र सिंक झाले आणि `Step Length` वर पुन्हा `Auto` आले. पुन्हा 62.5 भरले, पुन्हा सिंक झाले, पुन्हा `Auto`. मग फोनचे ब्लूटूथ बंद ठेवून पाहिले, तर रात्र उलटली तरी 62.5 जागेवर राहिले. ब्लूटूथ सुरू करून सिंक होताच ते गेले. एवढ्यावरून दोष कोठे आहे हे कोणालाही कळावे. यंत्र माप लक्षात ठेवते. अ‍ॅपमध्ये पावलाच्या लांबीसाठी जागाच नाही, त्यामुळे ते प्रत्येक सिंकच्या वेळी उंचीवरून काढलेला स्वतःचा अंदाज यंत्रावर पुन्हा लादते. माझी मोजणी, माझा रस्ता आणि माझे पाय यांचा यात काहीही संबंध नाही.

हे सर्व मी आपल्या प्रतिनिधीला याच क्रमाने सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, “सर, शंभर मीटर आपण कशाने मोजले? गावाकडे लोक अंदाजाने सांगतात, म्हणून विचारले.” ज्या तालुक्यात धुऱ्याच्या वीतभर जागेवरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो, तेथे अंदाजाने मोजणारा भूकरमापक किती दिवस टिकला असता, हे त्यांना सांगण्याचा मोह मी आवरला. टेपने मोजले, एवढेच म्हणालो.

“मग असे करा सर, अ‍ॅपमध्ये आपली उंची 151 टाका.”

माझी उंची 170 आहे, असे मी म्हणालो.

“हो सर, पण अ‍ॅपमध्ये 151 टाका. अंतर बरोबर येईल.”

गणित त्यांचे चुकले नव्हते. 151 ला 0.415 ने गुणले तर जवळजवळ पावणेत्रेसष्ट येतात. म्हणजे 0.415 चा ठोकताळा आपल्या माणसांना तोंडपाठ आहे, तो बदलण्याची सोय मात्र त्यांना ठाऊक नाही. मी फोनवर असतानाच उंची 151 केली. अ‍ॅपने लगेच माझा बीएमआय 23.5 वरून 29.8 वर नेला आणि वजन ताबडतोब कमी करण्याची सूचना दिली. माझे वजन 68 किलो आहे आणि मी जागचा हललोही नव्हतो. हे प्रतिनिधीला सांगितले, तेव्हा क्षणभर थांबून ते म्हणाले, “मग सर, वजनही थोडे कमी टाका ना. 54 टाकून बघा.”

चालताना खर्च होणाऱ्या कॅलरींचा हिशेब वजनावरच बेतलेला असतो, तो आता चुकणार, हे मी निदर्शनास आणले. त्यावर मिळालेले उत्तर जसेच्या तसे देतो : “सर, आपल्याला अंतर बरोबर हवे आहे की कॅलरी?” आपल्या कंपनीने दोन्ही देण्याचे पैसे घेतले आहेत, अशी माझी समजूत होती. वय किती वर्षांनी कमी टाकावे हेही विचारणार होतो, पण त्यांच्या उत्तराची भीती वाटली.

एक गोष्ट मी आधीच मान्य करतो, म्हणजे तिच्याआड कोणी लपणार नाही. शंभर मीटरवर काढलेले माप त्या चालीपुरते आणि त्या जमिनीपुरतेच खरे असते. शेताकडे जाणाऱ्या आमच्या पांदण रस्त्यावर, काळी माती चपलेला चिकटलेली असताना, तेच शंभर मीटर चालायला मला 172 पावले लागली, म्हणजे पाऊल अठ्ठावन्न सेंटिमीटरवर आले. सायकल हातात धरून चाललो तर मनगट हलत नाही आणि पावलेच गळतात. याचा दोष मी यंत्राला देत नाही आणि कोणत्याही मनगटी यंत्राकडून याहून जास्त अपेक्षाही करत नाही. माझे सकाळचे चालणे डांबरी रस्त्यावर, मोकळ्या हाताने होते आणि तेथे 62.5 हेच माप आहे. ते आपल्याच पुस्तिकेप्रमाणे काढले आहे. ते भरायला जागा आपणच दिली आहे आणि पुसूनही आपणच टाकत आहात.

तक्रारीचे ‘समाधानकारक निराकरण’ झाल्याचा संदेश मला याआधीही आला आहे, आणि तेव्हाही काहीही बदललेले नव्हते. त्यामुळे आता मागणी लेखी करतो. ग्राहकाने हाताने भरलेले माप सिंकमध्ये अबाधित राहील अशी दुरुस्ती अ‍ॅपमध्ये करावी आणि ती कधी होणार ते तारखेसह कळवावे. ते शक्य नसेल तर पुस्तिकेतले शंभर मीटरचे पान काढून टाकावे आणि माझे पैसे परत करावेत. उंची आणि वजन खोटे भरण्याचा सल्ला हा कंपनीचा अधिकृत सल्ला आहे की नाही, याचेही उत्तर मला हवे आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथेही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपले कार्यालय कोणत्या महानगरात आहे याने फरक पडणार नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. खरेदीची पावती, 1.13 आणि 1.00 दाखवणारी दोन्ही छायाचित्रे, सिंकच्या आधीचे व नंतरचे `Step Length` चे पान आणि मला लठ्ठ ठरवणारा अ‍ॅपचा संदेश सोबत जोडत आहे.

या विषयावर कृपया मला फोन करू नये. उत्तर लेखीच द्यावे.

तक्रारदार,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ