स्वल्पविराम तुमचा, उपासमार आमची : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

अंबडला माझं फॅब्रिकेशनचं लहानसं वर्कशॉप आहे. एका सरकारी कार्यालयाला मी कपाटं आणि रॅक पुरवले. "बिलं वेळेत निघतील," असा शब्द तुम्ही नाशिकच्या उद्योजकांना दिला होता. माझं बिल अजून फायलीतच आहे, कारण वाचा.

निविदेच्या मसुद्यात अट होती : "माल मिळाल्यापासून ३० दिवसांत, तपासणी पूर्ण झाल्यावर, देयक अदा करण्यात येईल." म्हणजे तपासणी मधेच उरकायची, पैसे तिसाव्या दिवसाच्या आत. दर मी याच हिशेबाने भरला. सहीला आलेल्या करारात मात्र पहिला स्वल्पविराम गायब : "माल मिळाल्यापासून ३० दिवसांत तपासणी पूर्ण झाल्यावर, देयक अदा करण्यात येईल." शब्द तेच. पण आता ३० दिवस तपासणीला चिकटले आणि पैशाला मुदतच उरली नाही. साहेब म्हणाले, "तपासणी वेळेत झाली ना? मग तक्रार कसली?"

दुसरी गंमत. यादीत "पावडर कोटिंग केलेली कपाटे व रॅक" असं होतं. "केलेली" फक्त कपाटांना की रॅकनाही? मी रॅकना साधा ऑइलपेंट दिला, कपात झाली. "रॅक व पावडर कोटिंग केलेली कपाटे" असं लिहिलं असतं, तर वादच नव्हता. अर्थ दोन निघतात, पण दरवेळी लागू होतो तो कापणाऱ्याच्या सोयीचा. खरं तर संदिग्ध अट लिहिणाऱ्याच्या विरोधात वाचावी, असं तत्त्व न्यायालयं मानतात. ते वाचायला तुमच्याकडे सवड कुणाला?

"स्वल्पविरामाने काय होतं" म्हणणाऱ्यांनी कॅनडा बघावा. तिथे केबल ओढायच्या खांबांच्या भाडेकरारातल्या एका स्वल्पविरामावरून, पहिल्या पाच वर्षांतही वर्षाची नोटीस देऊन करार मोडता येतो, असा निर्णय २००६ मध्ये झाला. फटका दहा लाख डॉलरचा की एकवीस लाखांचा, बातम्यांत दोन्ही आकडे आले. पुढे कराराची फ्रेंच प्रत पाहून निर्णय फिरला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७९ मध्ये मोहम्मद शब्बीर खटल्यात औषधांच्या कायद्यातल्या "stocks" शब्दानंतर स्वल्पविराम नाही, म्हणून नुसता साठा गुन्हा नाही, तो विक्रीसाठी हवा, असं ठरवलं.

आणि अट कशीही वाचा, आमच्यासारख्या नोंदणीकृत लघुउद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो. पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल, तर माल स्वीकारलाच असं धरतात. माझ्या मालावर तपासणीत कपात झाली, तीही तोंडी! उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. ते मागायला लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत जा, मग तिथे तारखा घ्या. तोवर कामगारांचा पगार काय स्वल्पविराम टाकून थांबवू? बँकेला हप्त्याची तारीख दोन प्रकारे वाचता येत नाही. कर भरायला उशीर झाला, तर तुमच्या नोटिशीत एकही अर्थ निसटत नाही. गोंधळ सगळा तुम्ही देणं लागता तिथेच कसा होतो?

मुदतीसाठी वेगळं वाक्य लिहायला लावा : "तपासणी माल मिळाल्यापासून १५ दिवसांत करावी. देयक माल मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावे." पूर्णविराम फुकट मिळतो, त्याला निविदा काढावी लागत नाही. आणि माझं बिल कुठल्या टेबलावर आहे, तेवढं लेखी कळवा.

आपला,
अंबडचा एक पुरवठादार