परदेशातून आलेल्या फोनला एक पावती द्या: दोन मंत्र्यांना खुले पत्र

सांगली, जानेवारी २०२६

प्रति,
मा. निर्मला सीतारामन, केंद्रीय अर्थमंत्री
मा. ज्योतिरादित्य शिंदे, केंद्रीय दळणवळण मंत्री

सप्रेम नमस्कार.

मुख्य मागणी एकच असूनही पत्र दोघांना लिहीत आहे, कारण विषय दोन खात्यांच्या मधोमध पडला आहे. आमच्या भागातल्या घराघरांतून कोणी दुबईला, कोणी मस्कतला, कोणी अमेरिकेत आहे. ते सुट्टीला येताना आईसाठी किंवा भाचीसाठी फोन आणतात. विमानतळावर तो फोन सीमाशुल्क खात्याचा असतो आणि बाहेर आल्यावर दूरसंचार खात्याचा. या दोन खात्यांना जोडणारा एकही कागद त्या फोनसोबत येत नाही.

आधी शुल्काविषयी. जानेवारी २०२६ मध्ये लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचे सामान विनाशुल्क आणता येते (नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून). अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप याशिवाय मोफत आहे. फोनला मात्र अशी वेगळी सवलत नाही. स्वतःच्या वापरातला, खिशातला फोन वैयक्तिक वस्तू म्हणून सुटतो, पण भेट द्यायला आणलेला नवा फोन या ५०,००० मध्येच मोजला जातो. त्याच रकमेत अत्तर येते, खजूर येतात, मुलांचे बूट आणि खेळणीही येतात.

समजा, माझ्या भावाने आईसाठी ८०,००० रुपयांचा फोन आणला आणि दुसरे काहीच आणले नाही. मर्यादेवरचे ३०,००० रुपये शुल्काला पात्र ठरतात. त्यावर ३५ टक्के म्हणजे १०,५०० रुपये आणि या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १,०५० रुपये, असे एकूण ११,५५० रुपये होतात. सोबत वहिनी असली तरी हा आकडा बदलत नाही. तिची ५०,००० ची सवलत तशीच शिल्लक राहते, पण दोघांची सवलत एकत्र करून एका वस्तूसाठी वापरायला नियमात मनाई आहे. कपडे दोन बॅगांत वाटता येतात, फोन कसा वाटणार? दोघांचे मिळून एक लाख होतात आणि फोन ८०,००० चा आहे, तरीही शुल्क भरावेच लागते. हा नियम मला अन्याय्य वाटतो.

ही मर्यादाही आता जुनी झाली आहे. २०१४ मध्ये ती ३५,००० वरून ४५,००० झाली, २०१६ मध्ये ५०,०००, आणि तेव्हापासून जानेवारी २०२६ पर्यंत तिथेच आहे. या दहा वर्षांत फोनच्या किमती कुठे गेल्या ते आपण पाहतो आहोत. शुल्क पूर्ण माफ करा असे मी म्हणत नाही. व्यापारी आयातदार फोनवर १५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी भरतो, मग बॅगेतून पाच-दहा फोन आणणाऱ्याला मोकळे सोडणे योग्य होणार नाही. पण घरच्या माणसासाठी आणलेल्या एका फोनला २०२६ च्या अर्थसंकल्पात लॅपटॉपसारखी वागणूक मिळावी, किंवा निदान एकाच कुटुंबातल्या, सोबत प्रवास करणाऱ्यांना सवलत एकत्र करू द्यावी.

आज घरोघरी काय सल्ला दिला जातो, तेही सांगतो. 'सील फोडून आण, खोका तिथेच टाक, तुझे सिम घाल आणि ग्रीन चॅनेलमधून निघून ये.' असे करणारे बहुतेक लोक तस्कर नसतात. त्यांना नियम नीट माहीत नसतात आणि सामान जाहीर करण्याच्या रेड चॅनेलची भीती वाटते. पण खोका आणि बिल टाकून दिले की फोनचा सगळा पुरावाच जातो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते, आणि इथूनच दूरसंचार खात्याचा विषय सुरू होतो.

व्यापारी आयातदाराला १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक फोनची ओळख असलेला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक फोन देशात येण्यापूर्वी सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. बॅगेतून आलेल्या एकट्या फोनसाठी अशी नोंदणी नाही. सिम घातले की तो चालू होतो. ही मोकळीक चांगलीच आहे आणि ती राहावी. पाकिस्तानात परदेशातून आणलेला फोन ६० दिवसांत कर भरून नोंदवला नाही तर नेटवर्कवरून बंद होतो, तुर्कस्तानात ही मुदत १२० दिवसांची आहे. आपण त्या वाटेने जाऊ नये, हे आवर्जून लिहितो.

अडचण येते ती फोन चोरीला गेल्यावर. आमच्या नात्यातल्या एका मावशींचा, मुलाने आखातातून आणलेला फोन एसटीत चोरीला गेला. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करायची सोय आहे. त्या अर्जात आयएमईआय, पोलीस तक्रारीची प्रत आणि खरेदीचे बिल मागतात. मावशींकडे खोका नव्हता, आणि बिल परदेशातल्या दुकानाचे, मुलाच्या नावाचे, तेही त्याच्या जुन्या ईमेलमध्ये कुठेतरी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, 'हा फोन तुमचाच कशावरून?' त्याचे उत्तर देणारा एकही भारतीय कागद त्यांच्याकडे नव्हता. फोन ग्रीन चॅनेलमधून आला होता, त्यामुळे सीमाशुल्काची पावतीही नव्हती. इथल्या दुकानात घेतलेल्या फोनच्या बिलावर सहसा आयएमईआय छापलेला असतो आणि जीएसटीचा क्रमांकही.

दुसरा धोका नकली क्रमांकाचा आहे. एखाद्या बनावट फोनमध्ये आपलाच आयएमईआय घातलेला असेल, तर तो क्रमांक ब्लॉक झाल्यावर खरा फोनही बंद पडू शकतो. तेव्हाही प्रश्न मालकीच्या पुराव्याचाच येतो.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी. सीमाशुल्क खात्याचे 'अतिथी' ॲप आहे, त्यावर प्रवासी येण्याआधीच सामानाची माहिती भरू शकतो. त्यात भेट म्हणून आणलेल्या एका फोनसाठी आयएमईआय आणि तो ज्याला द्यायचा त्याचे नाव भरण्याची सोय करावी. शुल्क लागत असेल तर ते तिथेच भरता यावे. लागत नसेल तर शून्य रुपयांची पावती मिळावी, आणि ती ऐच्छिक असावी. हीच पावती संचार साथीवर खरेदीच्या बिलाच्या जागी चालावी, एवढा आदेश दूरसंचार खात्याने काढावा. फोनमध्ये दोन सिम असतील तर आयएमईआय दोन असतात, म्हणून पावतीवर दोन्ही हवेत. नाहीतर चोरीनंतर एकच क्रमांक ब्लॉक होईल आणि दुसऱ्यावर फोन चालूच राहील.

हे होईपर्यंत आम्ही आमच्या परीने काळजी घेतोच आहोत. फोन घेण्याआधी परदेशातल्या नातेवाइकाने खोक्यावरचा आयएमईआय व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि इथल्या माणसाने `KYM` लिहून, जागा सोडून, तो क्रमांक 14422 वर एसएमएस करायचा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल बरोबर आले, आणि क्रमांक ब्लॉक किंवा आधीच वापरात असल्याचे आले नाही, तरच पैसे द्यायचे. हातात आल्यावर `*#06#` दाबून तोच क्रमांक दिसतो का ते पाहायचे. अमेरिकेतून हप्त्यावर घेतलेला फोन सहसा तिथल्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कला लॉक केलेला असतो आणि इथले सिम धरत नाही, म्हणून तेही आधी विचारायचे. ही माहिती आमच्यापर्यंत तोंडी पोहोचली. ती दोन्ही खात्यांनी मराठीत, एका पानावर, विमानतळाच्या आगमन कक्षात आणि अतिथी ॲपवर लावावी, हीसुद्धा विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
सांगलीचा एक नागरिक