हुकूमनाम्यानंतर पैसे कुठे सापडतात

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या एका वाचकाने लिहिलं होतं की दावा जिंकून चार वर्षं झाली, हातात फक्त निकालाचा कागद आहे आणि बेलीफ येऊन हात हलवत परत जातो. सिंधुदुर्गातल्या न्यायालयांत मी अनेक वर्षं बेलीफ होतो. हात हलवत परत जाणारा तो माणूस मीच होतो, म्हणून लिहितो आहे.

बेलीफ स्वतःहून काही शोधत नाही. वॉरंटात जे लिहिलं असेल तेवढंच तो करतो आणि वॉरंट निघतं ते जिंकलेल्या माणसाने दरखास्तीत, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात दिलेल्या अर्जात, जे मागितलं असेल त्यावरून. दहापैकी आठ दरखास्तींत एकच ओळ असायची : ‘घरातील जंगम मालमत्ता जप्त करावी.’ ही ओळ घेऊन मी कितीतरी पडव्या चढलो. एक प्रकरण सविस्तर सांगतो. माणसांची ओळख मुद्दाम देत नाही.

देवगड भागातल्या एका चिरेखाणवाल्याने बंगल्यासाठी चिरे आणि वाळू पुरवली, पैसे बुडाले. 2010 साली दावा घातला, 2013 साली हुकूमनामा, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा आदेश, झाला : मुद्दल 2,80,000 रुपये, दाव्याच्या तारखेपासून 6 टक्के साधं व्याज, शिवाय खर्च. समोरच्याने अपील केलं. आता वसुली थांबली, असं समजून हा माणूस तीन वर्षं गप्प बसला. इथेच त्याचं मोठं नुकसान झालं. नुसत्या अपिलाने हुकूमनामा थांबत नाही. वरच्या कोर्टाने स्थगिती दिली तरच थांबतो, आणि ती समोरच्याकडे नव्हती. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे हे खरं, पण हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेली की दरखास्तीची नोटीस आधी ऋणकोला, म्हणजे देणं लागणाऱ्या समोरच्याला, द्यावी लागते. त्या नोटिशीने त्याला सावध केलं आणि माझं वॉरंट निघेपर्यंत त्याने दारातला टेम्पो विकून टाकला.

मी गेलो तेव्हा त्याने सरबत विचारलं आणि म्हणाला, “साहेबानू, ह्यो फ्रिज भावाचो, टीव्ही मुंबयच्या झिलाचो.” पावत्या नव्हत्या. जप्ती केली असती तर भावाने हरकत घेतली असती, ती हरकत त्याच कोर्टात चालली असती आणि हाती आला असता तो जुना फ्रिज. चिरेखाणवाल्यालाच तो नको होता. ‘जप्तीयोग्य वस्तू दाखवली नाही’ असा अहवाल देऊन मी परतलो. घरावर जायचं तर जो शेतीवरच जगतो आणि त्याच घरात राहतो, त्याच्या घराला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 चं संरक्षण मिळू शकतं. तो वाद वेगळाच.

पुढे चिरेखाणवाल्याच्या वकिलाने रीत बदलली आणि दोन अर्ज एकदम दिले. पहिला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 41 खाली : ऋणकोने आपली सगळी मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी. हा आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कोठडीत ठेवता येतं. त्याने लिहून दिलं, पण आंब्याचं उत्पन्न ‘किरकोळ’ म्हणून. दुसरा अर्ज जमिनीतल्या त्याच्या हिश्श्यावर जप्ती लावण्याचा. सातबारावर नऊ नावं होती, त्यामुळे लिलाव लगेच होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी जाऊन दवंडी दिली, जागेवर आदेश डकवला, ग्रामपंचायतीत आणि महसूल कार्यालयात प्रती लावल्या, आणि इतर हक्कांत जप्तीची नोंद झाली. अशी जप्ती असताना त्याने हिस्सा बायकोच्या नावे बक्षीस केला असता तरी तो व्यवहार या वसुलीपुरता रद्दच ठरला असता. आधी बक्षीसपत्र झालं असतं, तर लबाडी सिद्ध करायला नवा दावा घालावा लागला असता.

आता खरी गंमत ऐका. जानेवारीत चिरेखाणवाल्याला ऋणकोच्या आंब्याच्या बागेत फवारणी करणारी माणसं दिसली. ती बागमालकाची नव्हती, आमच्याच तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याची होती. आपल्याकडे बाग करारानं देतात : काही रक्कम उचल, बाकी हंगामात. विचारपूस केल्यावर कळलं की करार 6,00,000 चा झाला आहे, 2,00,000 डिसेंबरात दिले, 2,00,000 एप्रिलअखेर आणि 2,00,000 मेअखेर द्यायचे आहेत. म्हणजे ऋणकोचे पैसे त्याच्या घरात नव्हते, पण व्यापाऱ्याकडे होते.

त्या दिवसापर्यंत व्याजासह सगळं येणं 4,20,000 झालं होतं : मुद्दल 2,80,000, सात वर्षांचं व्याज 1,17,600 आणि खर्च 22,400. वकिलाने नियम 46 आणि 46अ खाली अर्ज केला. सोबत चिरेखाणवाल्याचं प्रतिज्ञापत्र होतं की त्याच्या माहितीप्रमाणे हा व्यापारी ऋणकोचं देणं लागतो. कराराची प्रत नसली तरी सुरुवातीला एवढं चालतं. फेब्रुवारीत मी दोघांवर आदेश बजावला : ऋणकोने पैसे घ्यायचे नाहीत, व्यापाऱ्याने त्याला द्यायचे नाहीत, ते कोर्टात भरायचे किंवा का भरणार नाही ते येऊन सांगायचं. व्यापारी घाबरला होता. पैसे कोर्टात भरले की तेवढ्यापुरतं त्याचं बागमालकाचं देणं फिटतं, हे वकिलाने समजावल्यावर तो शांत झाला. गैरहजर राहून पैसेही भरले नसते, तर वसुली त्याच्याच अंगावर आली असती.

ऋणकोने सांगितलं, निम्मे पैसे भावांचे. कोर्टाने भावांना नोटीस काढली. कुणी आलं नाही, आणि करारावर सही एकट्याची होती. एप्रिल आणि मेचे दोन्ही हप्ते कोर्टात जमा झाले.

यात सगळं वेळेवर अवलंबून होतं. डिसेंबरच्या आधी करारच नव्हता, आणि येऊ घातलेल्या उत्पन्नाची नुसती आशा जप्त होत नाही. जूनमध्ये गेलो असतो तर व्यापाऱ्याकडे काही उरलं नसतं. तोच व्यापारी वाशीचा असता, तर आधी हुकूमनामा तिकडच्या कोर्टात पाठवावा लागला असता आणि तेवढ्यात हंगाम उलटला असता.

अनेकजण विचारतात, त्याला तुरुंगात का नाही टाकत? पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ते होतं, पण ऐपत असून तो देत नाही, हे तुम्हाला दाखवावं लागतं, कैद्याच्या जेवणाचा भत्ता तुम्हीच भरायचा, जास्तीत जास्त तीन महिने, आणि तो सुटला तरी कर्ज तसंच. स्त्रीला तर अशा वसुलीसाठी अटक करताच येत नाही.

दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलं आहे. ते होत नाही, याला न्यायालयंही जबाबदार आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आपल्या वाचकाने मात्र पहिल्याच तारखेला नियम 41 चा अर्ज द्यावा आणि ऋणकोला पैसे कोण देतो ते गावात विचारावं : बागेचा व्यापारी, सोसायटी, दुकानाचा भाडेकरू, बँकेची शाखा.

चिरेखाणवाल्याचे 20,000 आणि वरचं थोडं व्याज तरी राहिलंच होतं. ऑगस्टमध्ये ऋणकोच्या मुलाला कर्ज हवं होतं, सातबारावर जप्ती दिसली आणि बँकेने अर्ज परत केला. दुसऱ्या आठवड्यात ऋणको स्वतः येऊन उरलेली रक्कम भरून गेला. दरखास्तीवर पूर्ण वसुलीचा शेरा पडला आणि जप्ती उठवल्याचा आदेश घेऊन मीच तलाठ्याकडे गेलो.

आपला,
एक निवृत्त बेलीफ, कणकवली