सर्टिफिकेट खरं का खोटं ते सर्टिफिकेट देणाऱ्यालाच विचारा

माननीय संपादक,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वायर, टाक्या, पंप असल्या जाहिराती येतात आणि त्यात खाली बारीक अक्षरात 'आयएसओ सर्टिफाइड कंपनी' असं छापलेलं असतं. आमच्या सोसायटीत गेल्या दोन महिन्यांत जे झालं त्यानंतर मला ती ओळ वाचली की हसूच येतं, म्हणून हे पत्र.

आमची बिल्डिंग तीस वर्षांची, २४ फ्लॅट. मीटर रूमपासून जिन्यापर्यंतचं सगळं वायरिंग बदलायचं ठरलं आणि कमिटीत मीच रिकामटेकडा (रिटायर्ड) म्हणून खरेदीचं काम माझ्याकडे आलं. कॉन्ट्रॅक्टरने एका कंपनीची वायर सुचवली, ९० मीटरच्या बंडलमागे तीन-चारशे रुपये स्वस्त. खोक्यावर आयएसआयचा शिक्का होता, शिवाय व्हॉट्सअॅपवर आयएसओ ९००१ चं रंगीत सर्टिफिकेट आलं, सोनेरी सील, सही, कोपऱ्यात क्यूआर कोड. कमिटीतले सगळे म्हणाले झालं की, अजून काय पाहिजे.

आता आयएसओ म्हणजे काय ते आधी सांगतो कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. जिनिव्हाची आयएसओ ही संस्था फक्त मानकं लिहिते, ती स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते देतात वेगवेगळ्या खासगी सर्टिफिकेशन एजन्सी. म्हणजे 'आयएसओने सर्टिफाय केलं' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न, कोणत्या एजन्सीने? आणि दुसरं म्हणजे ९००१ हे कंपनीच्या कारभाराच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, वायरचं नाही. ऑर्डर कशी घेतात, तक्रार कशी नोंदवतात, रेकॉर्ड कसं ठेवतात हे त्यात तपासतात. वायरीत तांबं किती आहे ते त्यावरून कळत नाही.

तरी म्हटलं बघूया. मुलगी म्हणाली बाबा क्यूआर स्कॅन करा ना, केला, तर एक वेबसाइट उघडली आणि हिरव्या अक्षरात सर्टिफिकेट व्हॅलिड असं आलं. मी खूश. मग तीच म्हणाली, पण हा क्यूआर छापला कोणी? बरोबरच आहे. ज्याने कागद बनवला त्यानेच क्यूआर छापला, तो कुठे न्यायचा ते त्याच्याच हातात, कागदावरचा फोन नंबर पण तसाच. म्हणून आम्ही सर्टिफिकेटवर ज्या एजन्सीचं नाव होतं ते वेगळं शोधून तिची खरी वेबसाइट काढली, आणि तिथल्या ईमेलवर सर्टिफिकेटचा नंबर, कंपनीचं नाव, पत्ता आणि पीडीएफ पाठवून एकच विचारलं, हे तुम्ही दिलंय का आणि आज चालू आहे का. तीन दिवसांनी उत्तर आलं, सर्टिफिकेट आम्हीच दिलं होतं पण काढून घेतलंय, कारण कंपनीने दरवर्षीचं ऑडिट करून घेतलं नाही. ही सर्टिफिकेटं तीन वर्षांची असतात पण मध्ये दरवर्षी तपासणी व्हावी लागते, ती टाळली की कागदावरची तारीख पुढची असली तरी उपयोग नाही. आमच्या पीडीएफवर अजून दीड वर्ष शिल्लक होतं! (एजन्सीच बोगस असेल तर काय, हाही प्रश्न आहेच. भारतात अशा एजन्सींना मान्यता एनएबीसीबी देते, तेव्हा तिथल्या यादीत एजन्सीचं नाव आहे का ते पण बघायचं.)

पण वायरसाठी खरा मुद्दा आयएसआयचा. नाव जुनंच चाललंय, आयएसआय ही भारतातली मानकं ठरवणारी संस्था १९८७ पासून बीआयएस झाली, शिक्का तोच राहिला. वायरीवर हा शिक्का सक्तीचा आहे. शिक्क्याच्या वर मानकाचा नंबर असतो, घरातल्या पीव्हीसी वायरला IS 694, आणि खाली CM/L असं लिहून पुढे लायसन्सचा नंबर. नुसता शिक्का बघून काही कळत नाही, तो कोणीही छापतो. खरी गोष्ट खालच्या नंबरात.

बीआयएसचं BIS Care नावाचं फुकट अॅप आहे, त्यात लायसन्स तपासायचा पर्याय आहे, तिथे नंबर टाकायचा. मी टाकला आणि नंबर निघाला! लायसन्स चालू, मानक पण 694. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला बघा काका, उगाच डोकं खाल्लं माझं. मी पण सोडूनच देणार होतो, पण खाली बाकीची माहिती वाचली तर कंपनीचं नाव दुसरंच, कारखाना दुसऱ्याच राज्यात, आणि ब्रँडच्या रकान्यात आमच्या खोक्यावरचं नाव कुठेच नाही. म्हणजे कोणाचातरी खरा नंबर उचलून छापलेला. नंबर टाकला, हिरवं दिसलं, अॅप बंद, असं केलं असतं तर आम्ही फसलो असतो.

कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर तयार होतं, माल तिकडे बनतो, ब्रँड यांचा. ऐकायला पटतं. पण लायसन्स कारखान्याच्या पत्त्याला बांधलेलं असतं, एकाच मालकाचे दोन कारखाने असले तरी लायसन्स दोन लागतात, आणि कोणत्या ब्रँडखाली कोणत्या मापाची वायर काढायची तेही त्यातच लिहिलेलं असतं. म्हणून अॅपवरचं मानक, नाव, पत्ता, ब्रँड आणि माप हे सगळं खोक्याशी अक्षरशः जुळायला हवं. तरी वाद नको म्हणून खोक्याचे चारी बाजूंचे फोटो, बंडलवरचं प्रिंटिंग आणि कोटेशन जोडून बीआयएसच्या ऑफिसला मेल केला. अकरा दिवस लागले, पण लेखी आलं की सदर ब्रँड त्या लायसन्समध्ये समाविष्ट नाही.

मधल्या काळात आमच्या जुन्या वायरमनने अडीच चौरस मिलिमीटर वायरच्या बंडलचं टोक सोलून तारा मोजल्या होत्या, छत्तीस भरल्या, म्हणजे बरोबर. पण प्रत्येक तार ०.३ मिलिमीटरची आहे का ते मायक्रोमीटरशिवाय कसं कळणार, आणि वरचं प्लास्टिक किती डिग्रीला वितळेल ते तर जाळून बघितल्याशिवाय नाहीच.

एक मात्र सांगतो, अॅपवर सगळं जुळलं म्हणजे हातातलं बंडल अस्सल असं पण नाही. चांगल्या कंपनीचं नाव, ब्रँड, नंबर सगळंच हुबेहूब छापणारे आहेत, तिथे अॅप काही करू शकत नाही. त्यासाठी बिल जीएसटीचं घ्या आणि बॅच नंबरचा फोटो मूळ कंपनीला पाठवून विचारा. आम्ही शेवटी दुसरी वायर घेतली तेव्हा हे केलं, कंपनीने दुसऱ्याच दिवशी बॅच आमचीच म्हणून कळवलं.

नऊ बंडलं परत गेली. बीआयएसचं ते मेल दाखवल्यावर कॉन्ट्रॅक्टरने अॅडव्हान्स निमूट वळता केला, आणि अॅपमधूनच तक्रार पण टाकून ठेवलीय.

तुमच्याकडे एवढीच विनंती की पुढच्या वेळी कोणी 'आयएसओ सर्टिफाइड' किंवा 'आयएसआय मार्क' म्हणून जाहिरात घेऊन आला की तुमच्या जाहिरात विभागाने एजन्सीचं नाव किंवा CM/L नंबर मागून तो जाहिरातीतच छापावा. जागा अर्धी ओळ लागेल.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक