सोळा पैशांसाठी अडलेल्या बिलाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : बिलांतील मूळ रक्कम, जीएसटी आणि एकूण रक्कम यांचा मेळ व पैशांतला फरक

महोदय,

जिन्यांतले दिवे आणून देणाऱ्या दुकानदाराचे बिल तीन आठवडे अडकले आहे, कारण सोसायटीची बिले स्कॅन करून वाचणारे नवे सॉफ्टवेअर त्यावर ‘टोटल जुळत नाही’ असा लाल शेरा मारते. फरक सोळा पैशांचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! यावर उपाय म्हणून खजिनदारांनी एक रुपयापर्यंतचा कोणताही फरक चालवून घ्यायचे सुचवले आहे. तसे करू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

ते बिल मी ऑफिसात बसून पाहिले. त्यात तीन ओळी आहेत : १,२४७.५०, ८६३.५० आणि २,३१८.५०. बेरीज ४,४२९.५०. दुकानदाराने प्रत्येक ओळीवर ९ टक्के सीजीएसटी वेगळा काढला आहे. पहिल्या ओळीवर तो ११२.२७५ येतो, म्हणून ११२.२८ लिहिला. तसेच पुढे ७७.७२ आणि २०८.६७. तिन्ही मिळून ३९८.६७ आणि एसजीएसटीही तेवढाच, म्हणजे कर ७९७.३४. आपले सॉफ्टवेअर मात्र सगळ्या बेरजेवर एकदम १८ टक्के लावते आणि ७९७.३१ काढते. तीन पैशांचा फरक पडला, पण चूक कोणाचीच नाही. पैशापर्यंत पूर्ण करताना प्रत्येक वेळी जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होतो. इथे तीन ओळी आणि दोन कर, म्हणजे सहा वेळा. सहा अर्धे म्हणजे तीन पैसे. याहून जास्त फरक या बिलात पडूच शकत नाही.

मग सोळा पैसे कुठून आले? बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘राउंड ऑफ ०.१६’ छापले आहे. ५,२२६.८४ मध्ये ते मिळवले की देय ५,२२७.०० होतात. स्कॅन वाचताना ती ओळ सुटली, एवढेच.

आता रुपयाची सूट का नको ते सांगते. वॉचमन एजन्सीच्या बिलात मूळ रक्कम ४१,६९० आहे, कर ७,५०४.२०, राउंड ऑफ उणे ०.२० आणि देय ४९,१९४. स्कॅनमध्ये उणे चिन्ह पुसट होते, ते वाचलेच गेले नाही. वीस पैसे वजा होण्याऐवजी जमा झाले आणि हिशेब ४९,१९४.४० वर गेला. चिन्ह हरवले की फरक नेहमी राउंड ऑफच्या बरोबर दुप्पट येतो, यावरून ते ओळखता येते. रुपयाची सूट असती तर हे बिल हिरवे होऊन पुढे गेले असते, आणि एजन्सीच्या खात्यावर चाळीस पैसे देणे वर्षअखेरपर्यंत लोंबकळत राहिले असते. असे दहा-बारा फरक साठले की ऑडिटर येतात तेव्हा मॅनेजरची काय धांदल उडते, ते आपण पाहिले आहे.

तेव्हा राउंड ऑफ हा वेगळा रकाना करून तो चिन्हासकट वाचावा. मूळ रक्कम, छापलेले दोन्ही कर आणि राउंड ऑफ यांची बेरीज देय रकमेशी पैशापैशाने जुळलीच पाहिजे; इथे सूट नको. सूट फक्त कर दराने ताडून पाहताना द्यावी, आणि तीही ओळी मोजून, वर दाखवली तशी. ही दुसरी तपासणी हवीच, कारण १८ऐवजी २८ टक्के लावलेल्या बिलाचीही बेरीज छान जुळते.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकली. देय रक्कम वाचता आली नाही, तर सॉफ्टवेअर स्वतःच बेरीज करून तो रकाना भरते आणि मग ‘जुळले’ म्हणते. स्वतःच लिहिलेल्या आकड्याशी जुळणारच की! असा रकाना रिकामा राहू द्यावा आणि मॅनेजरने कागद पाहून आकडा भरावा.

फरक मिटवण्यासाठी दुकानदाराने छापलेला कराचा आकडा मात्र कोणी बदलू नये. आपल्याकडे ७९७.३१ आले तरी वहीत ७९७.३४च जातील, आणि सोळा पैसे ‘राउंड ऑफ’ खात्याला. या खात्यात वर्षाकाठी काही रुपयेच दिसायला हवेत, कारण अधिक-उणे एकमेकांना बरेचसे खातात. शेकड्यांत शिल्लक दिसली, तर कोणीतरी न जुळणारी रक्कम तिथे ढकलली आहे असे समजावे.

दुकानदाराचे ५,२२७ रुपये या आठवड्यात द्यावेत. रविवारी सकाळी मी ऑफिसात येऊन मॅनेजरबरोबर एप्रिलपासूनची लाल शेऱ्याची बिले बघायला तयार आहे.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, ३०४